दीड वीत उंचीचा प्रश्न

व्हॉट्सॲपवर फिरत असलेला मजकूर असा: “व्हीलचेअरवरच्या बायकांसाठी खाली-वर होणारं तपासणीचं टेबल हवं, हे शहरी खूळ आहे. दोघं जण उचलून टेबलावर ठेवतात, पाच मिनिटांत तपासणी होते. स्तनांची तर खुर्चीत बसूनच होते. शिवाय अशा बायकांना पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर कशाला होतोय? आणि आता नमुना स्वतः घ्यायचं किट आलंय, म्हणजे टेबलाचा प्रश्नच मिटला.”

उचलण्यापासून सुरुवात करते, कारण मला उचललेलं आहे. नऊ वर्षांपूर्वी गच्चीवरून पडले आणि छातीच्या पाचव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा झाली. त्याच्या खाली हालचाल नाही, स्पर्शही कळत नाही. माझ्या खुर्चीची बैठक गादीसकट जमिनीपासून २० इंच आहे. पिशवीच्या तोंडाच्या तपासणीसाठी ज्या दवाखान्यात गेले तिथलं टेबल ३३ इंच निघालं. भाचीने ब्लाउज शिवायची टेप लावून मोजलं. मधला फरक १३ इंचांचा, म्हणजे जवळजवळ दीड वीत.

दवाखान्यातले दोन मामा आले. एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने गुडघ्यांखाली. वर घेताना माझी मागची बाजू टेबलाच्या कडेवरून घासत गेली. मला ते कळलं नाही, कारण तिथलं मला कळतच नाही. तिसऱ्या दिवशी बहिणीला माकडहाडाजवळ लाल डाग दिसला. बोट दाबून सोडलं की असा डाग क्षणभर पांढरा पडायला हवा. हा पडत नव्हता, म्हणजे आतली कातडी दुखावलेली होती. आठवड्यात ती फुटली आणि पुढचे पाच आठवडे मी पालथी पडून काढले. ‘उचलून ठेवतात’ या दोन शब्दांत हे पाच आठवडे येत नाहीत. मामांचा दोष नाही. सत्तर किलोचं अंग दीड वीत वर नेताना ते ओढलंच जातं.

आता त्या पाच मिनिटांबद्दल. उचलताना माझी लघवीची नळी मांडीखाली दुमडली होती आणि कोणाच्या लक्षात आली नाही. मूत्राशय भरत गेलं. त्यात डॉक्टरबाईंनी योनी उघडून धरणारा स्पेक्युलम आत सरकवला आणि माझ्या डोक्यात घण पडायला लागले. चेहरा लाल, कपाळावर घाम. बीपी १५०. बाई म्हणाल्या, “घाबरू नका हो ताई.” मी घाबरले नव्हते. माझं रोजचं बीपी शंभराच्या आसपास असतं, म्हणून १५० हा आकडा माझ्यासाठी धोक्याचा होता. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर इजा झालेल्या माणसात हे होतं. खालच्या अंगाला भरलेलं मूत्राशय, स्पेक्युलमचा दाब असं काही बोचलं की बीपी एकदम उसळतं आणि मेंदूकडून त्याला लगाम लागत नाही. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. वेळेत थांबवलं नाही तर आकडी येऊ शकते, मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. करायचं असतं ते साधं आहे: स्पेक्युलम काढा, पाठ उभी करून बसवा, नळी मोकळी करा. पण ते टेबल सपाट होतं, त्याची पाठ उचलतच नव्हती. शेवटी बहीण माझ्या मागे बसली आणि तिने मला छातीशी टेकवून धरलं. नळी सरळ केल्यावर काही मिनिटांत डोकं उतरलं. नमुना घेतलाच गेला नाही. केसपेपरवर लिहिलं होतं, ‘रुग्णाचे सहकार्य नाही’. तो कागद मी जपून ठेवलाय.

स्तनांबाबतचं म्हणणं अर्धं खरं आहे. हाताने करायच्या तपासणीचा एक भाग बसूनच करतात: दोन्ही बाजू सारख्या दिसतात का, कातडी ओढली गेलीय का, काखेत गाठ लागते का. दुसरा भाग आडवं झोपवून, हात डोक्याखाली घेऊन करायचा असतो, कारण तेव्हा स्तन छातीच्या पिंजऱ्यावर पसरतो आणि बोटांखाली पातळ थर येतो. खुर्चीत थोडं पुढे वाकून बसलेल्या बाईचा स्तन पोटावर टेकतो आणि खालच्या भागातली लहान गाठ हाताला लागत नाही. टाटा मेमोरियलने मुंबईत दीड लाखावर बायकांवर वीस वर्षं चालवलेल्या अभ्यासात अशी हाताची तपासणी दर दोन वर्षांनी झाली. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तिथे तपासणी शिकवलेल्या हातांनी, नीट पद्धतीने झाली होती. साडीवरून चाचपून ‘ठीक आहे’ म्हणणं ही ती तपासणी नव्हे.

‘अशा बायका’ म्हणणाऱ्याला सांगते, मला दोन मुलं आहेत. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करणारा एचपीव्ही विषाणू शरीरसंबंधातून येतो, आणि लागण होऊन कॅन्सर होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त जातात. म्हणजे अपघाताच्या आधीचा संसारही हिशेबात धरायचा. खुर्चीवर आल्यावर नवरा-बायकोचं नातं संपतं असं ज्याला वाटतं, त्याच्याशी मी वाद घालत नाही. आणि स्तनाचा कॅन्सर लग्न झालंय का विचारत नाही. उलट मूल न झालेल्या बाईला त्याचा धोका थोडा जास्तच असतो.

किटबद्दल मात्र माझं जवळजवळ एकमत आहे. ते एचपीव्ही चाचणीसाठी असतं, आणि त्या चाचणीचा मोठा पुरावा आपल्याच मातीतला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३० हजार बायकांवर अभ्यास झाला आणि २००९ मध्ये निष्कर्ष आले: आयुष्यात एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. या चाचणीचा नमुना बाई स्वतः योनीतून घेऊ शकते, स्पेक्युलम लागत नाही. ज्यांचे हात चालतात त्यांनी किट मिळालं तर जरूर वापरावं. पण आपल्याकडच्या सरकारी तपासणीत अजून मुख्यतः व्हीआयए करतात: स्पेक्युलम घालून ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा चट्टा उठतो का ते पाहायचं. आणि किटचा निकाल पॉझिटिव्ह आला तर पुढे तुकडा काढायला किंवा चट्टा जाळायला टेबलावरच जावं लागतं. किटमुळे टेबल लागणाऱ्या बायका कमी होतील. उरतील त्या नेमक्या उपचार लागणाऱ्या.

राहिलं शहरी खूळ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २५ सरकारी आणि खासगी, दोन्ही दवाखान्यांच्या सर्व भागांत अडथळामुक्त प्रवेश मागतं. तपासणीची खोली त्यातच आली. टेबल खाली यावं तर किती, याचा आकडाही आहे: अमेरिकेत २०२४ मध्ये १७ इंच ठरला.

आपल्याकडे असं टेबल शोधायला तरी काय हरकत आहे? मी दुसऱ्यांदा गेले ते एका फिजिओथेरपी विभागात, कारण तिथे पायाने पंप मारून खाली-वर होणारा पलंग होता. तो २० इंचांवर आणला, मधे गुळगुळीत फळी टाकली आणि मी हातांच्या जोरावर सरकत गेले. आधी मूत्राशय रिकामं केलं, नळी तपासली. मग पलंग डॉक्टरांच्या कमरेइतका वर घेतला. पाय टांगायच्या कड्या तिथे नव्हत्या, पण लागल्याही नाहीत: डाव्या कुशीवर झोपवून वरचा गुडघा पोटाकडे घेतला आणि बहिणीने तो धरला. बीपी दर दोन मिनिटांनी बघत होते. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली. नमुना मिळाला, कातडी शाबूत राहिली.

हल्ली कुठेही जाण्याआधी फोन करून विचारते, “टेबल खाली किती इंचांवर येतं?” परवा पलीकडून उत्तर आलं, “खाली कशाला येईल ताई, टेबल आहे ते.”