लेन वाढवल्याने पुणे जवळ येत नाही

> "नेट अडकतंय? ५० चा प्लॅन फेका, ३०० चा घ्या. सहापट स्पीड म्हणजे साइट, गेम, व्हिडिओ कॉल सगळं सहापट लवकर! पिंग, लेटन्सी हे कंपन्यांचे बहाणे आहेत, फायबरवर पिंग नसतोच. स्पीड टेस्ट लावा, आकडा पूर्ण आला की नेट ओके. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

हा मजकूर सोलापूरच्या विडी घरकुलातल्या आमच्या मामांपर्यंत पोचला आणि त्यांनी मोठ्या प्लॅनचे वर्षभराचे पैसे भरून टाकले. कॉल आजही तसाच तुटतोय. मामांना नेटबद्दल एकच गोष्ट माहीत आहे, प्लॅनवरचा आकडा. अशाच माणसांचे पैसे या मजकुरापायी वाया जातात, म्हणून त्याला उत्तर द्यायलाच हवं.

सगळ्यात चुकीचं आहे ते सहापटीचं गणित. सोलापूर-पुणे हायवे डोळ्यांपुढे आणा. अंतर साधारण २५० किमी, रस्ता चौपदरी. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत एसटी पाचेक तासांत पुण्याला पोचते. समजा उद्या हा रस्ता २४ पदरी केला. एका वेळी सहापट गाड्या जातील, हे खरं. पण मोकळ्या रस्त्यावर निघालेली तुमची एसटी तरीही पाच तासच घेणार, कारण पुणे तिथेच आहे आणि गाडीचा वेगही तोच आहे. रस्त्याच्या लेन म्हणजे बँडविड्थ. तुमच्या प्लॅनवरचा ५० किंवा ३०० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट, हा आकडा तेवढंच सांगतो. एका गाडीला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी, आणि पिंग म्हणजे पुण्याला जाऊन परत सोलापूरला येईपर्यंतचा वेळ. तो मिलिसेकंदात मोजतात. १,००० मिलिसेकंदांचा एक सेकंद.

आता एक साइट उघडू. तिचा सर्व्हर सिंगापूरला आहे, पिंग ६० येतो आणि पहिली फाइल १०० केबीची आहे असं धरा. फाइल मागण्याआधी तुमचा ब्राउझर सर्व्हरशी जोडणी करतो, ही एक फेरी. मग कुलूपबंद संवादासाठी किल्ल्या ठरवतो, ही दुसरी. त्यानंतर माल निघतो, पण सर्व्हर सगळा माल एकदम सोडत नाही. पुढचा रस्ता किती रुंद आहे हे त्याला माहीत नसतं, म्हणून तो आधी साधारण १० ट्रक सोडतो. ते पोचल्याची पावती आली की २० सोडतो, मग ४०. एका ट्रकमध्ये, म्हणजे एका पॅकेटमध्ये, जेमतेम दीड केबी माल मावतो. १०, २० आणि ४० मिळून ७० ट्रक झाले की १०० केबी पोचतात. म्हणजे मालाच्या तीन फेऱ्या आणि आधीच्या दोन, एकूण पाच. पाच गुणिले ६० म्हणजे ३०० मिलिसेकंद फक्त जाण्यायेण्यात गेले.

लेनच्या रुंदीचा संबंध येतो तो याच्या पुढे. १०० केबी ओतायला ५० च्या प्लॅनवर १६ मिलिसेकंद लागतात, ३०० वर तीनाहून थोडे कमी. तेव्हा जुन्या प्लॅनवर एकूण ३१६ आणि नव्यावर ३०३. सहापट रुंद रस्ता घेऊन फार तर १३ मिलिसेकंद वाचले! हीच फाइल मुंबईतल्या सर्व्हरवर असती आणि पिंग १० असता, तर जुन्याच प्लॅनवर काम ६६ मिलिसेकंदांत झालं असतं. मोठ्या साइट आपल्या प्रती मुंबई-चेन्नईत ठेवतात त्या यासाठीच. जोडणीच्या नव्या पद्धतींमध्ये एखादी फेरी वाचते, पण हिशेबाची जात बदलत नाही.

लेटन्सी हा कुणा कंपनीचा बहाणा नाही. गूगलमधले माइक बेल्शी यांनी २०१० मध्ये हे मोजून दाखवलं. नेट ५ एमबीपीएसवरून १० वर नेलं, तर पान उघडण्याचा वेळ जेमतेम ५ टक्क्यांनी कमी झाला. उलट फेरीचा वेळ २० मिलिसेकंदांनी कमी करत नेला, तसा प्रत्येक पायरीला ठळक फायदा होत गेला. तेव्हापासून पानं जड झाली, प्लॅनही मोठे झाले, पण फेऱ्या मारणं कुणाला चुकलेलं नाही.

फायबरवर पिंग नसतो म्हणणाऱ्याने प्रकाशाचा वेग तरी पाहायचा होता. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किमी. सोलापूर ते सिंगापूर सरळ रेषेत साडेतीन हजार किमी धरले तर जाऊन-येऊन ७,००० किमी, म्हणजे ३५ मिलिसेकंद. याच्या खाली कुठलाही प्लॅन जाऊ शकत नाही. केबल सरळ जात नाही आणि वाटेत यंत्रंही असतात, म्हणून प्रत्यक्षात आकडा याहून जास्तच येतो.

स्पीड टेस्टबद्दल थोडक्यात: ती जवळचा सर्व्हर निवडते आणि बऱ्याच जोडण्या एकदम उघडून रस्ता भरते. तिचा मोठा आकडा रुंदीच मोजतो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. ४० जीबीचा गेम उतरवायचा असेल तर ५० वर पावणेदोन तासांहून थोडं जास्त लागतं आणि ३०० वर १८ मिनिटं. घरात चौघं एकदम मोठे व्हिडिओ बघत असतील तरी रुंदी कामी येते. रस्ता भरला की लेटन्सीही वाढते, कारण हडपसरच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागावी तशी राउटरमध्ये पॅकेटची रांग लागते. एचडी व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात, तरी कॉल अडकतो तो बहुतेकदा या रांगेत. आणि ही रांग बऱ्याचदा अपलोडच्या बाजूला असते: कुणाच्या तरी मोबाइलमधून फोटोंचा बॅकअप चालू असतो आणि कॉलचे पॅकेट त्याच्या मागे उभे राहतात.

पैसे भरण्याआधी विंडोजच्या कॉम्प्युटरवर Command Prompt उघडून हे करून बघा. पहिल्या कमांडमध्ये Default Gateway समोर दिसेल तो तुमच्या राउटरचा पत्ता. दुसऱ्या ओळीत तोच घाला. तिसऱ्या ओळीतला 8.8.8.8 हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता, तो तसाच ठेवा.

```
ipconfig
ping -n 20 192.168.1.1
ping -n 20 8.8.8.8
```

दोन्ही पिंग एकदा घरातली सगळी उपकरणं शांत असताना घ्या, एकदा फोटोंचा बॅकअप चालू करून. शेवटी Average आणि Maximum येतात, ते लिहून ठेवा.

सगळं शांत असतानाही राउटरचाच पिंग मध्येच ८०-१०० वर उडत असेल, तर दोष घरातल्या वायफायचा आहे. २.४ गिगाहर्ट्झवर शेजारपाजारच्या सगळ्यांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झवर जा किंवा लॅन केबल लावा. राउटरचा ठीक, पण 8.8.8.8 चा फक्त बॅकअप चालू असतानाच १० वरून २००-३०० वर जातो, तर ती अपलोडची रांग. बॅकअप रात्री लावा, किंवा राउटरमध्ये SQM नावाची सोय असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्के ठेवा. मग रांग तुमच्याच राउटरपाशी राहते आणि तो कॉलच्या पॅकेटला आधी वाट देऊ शकतो. सगळं शांत असूनही दुसरा आकडा कायम चढा असेल, तर दोष कंपनीच्या मार्गात आहे. तेव्हा नवा प्लॅन न घेता, हेच आकडे वेळेसकट लिहून तक्रार नोंदवा.