15 वॅटच्या पॅडवर 5 टक्के

"गाडीत 15 वॅटचा वायरलेस पॅड असेल तर फोन कव्हरसकट नुसता टाकून द्या, तासाभरात फुल. मॅप चालू असला तरी फरक पडत नाही. फोन गरम झाला किंवा चार्जिंग हळू झालं तर समजा पॅड डुप्लिकेट आहे, बदलून घ्या."

असा एक मेसेज फिरतोय. आधी त्यातल्या तासाभराचा हिशेब. 5000 एमएएच बॅटरीत साधारण 19 वॅट-तास मावतात. पंधराच्या पंधरा वॅट अखंड बॅटरीत गेले, तरी सव्वा तास लागतो. आणि तसे ते जात नाहीत. पॅड आणि फोन आधी आपसात ठरवतात की किती वॅट द्यायचे. पॅडवर छापलेला 15 हा फक्त वरचा आकडा. जमलं नाही तर गाडी 5 वॅटवर येते. चुंबक नसलेल्या साध्या पॅडवर बरेचसे आयफोन 7.5 वॅटच घेतात, मग पॅड कितीही भारी असो. आणि आपल्याकडच्या अनेक मध्यम किमतीच्या फोनांत वायरलेसची कॉइलच, म्हणजे पॅडकडून वीज घेणारं तारेचं वेटोळंच, नसते. तिथे पॅड बदलून काय होणार?

मॅपने फरक पडत नाही, हे तर साफ खोटं. स्क्रीन उजळ, जीपीएस चालू, वर वायरलेस अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोन स्वतःच दोन-तीन वॅट खातो. पाच वॅट मिळत असतील तर बॅटरीला उरतात अडीचच्या आसपास, म्हणजे तासाला 12-13 टक्के. तेही फोन जागेवर राहिला तर.

खरी गोम या जागेत आहे. मे महिन्यात पुण्याहून कोल्हापूरला निघालो तेव्हा फोनवर 41 टक्के होते. साताऱ्याला पाहिलं तर 46. खंबाटकीच्या वळणांवर फोन ट्रेमध्ये सरकत होता आणि दर वळणाला चार्जिंग सुरू झाल्याचा 'टुंग' आवाज येत होता. आवाज आला की मला वाटायचं, चला, चालू आहे. प्रत्यक्षात तो आवाज वारंवार येणं म्हणजे चार्जिंग तितक्यांदा तुटलं होतं.

फोनची कॉइल पाठीच्या मधोमध असते आणि ती पॅडच्या कॉइलच्या बरोबर वर यावी लागते. बोटभर सरकली तरी वीज कमी पोचते, आणि जी पोचत नाही तिच्यातली बरीचशी उष्णता होऊन तिथेच राहते. काही गाड्यांच्या पॅडमध्ये दोन-तीन कॉइल असतात, त्यांचं थोडं इकडेतिकडे चालतं. माझ्या गाडीचा ट्रे मोठ्या फोनसाठी आहे. माझा फोन खाली घसरून ट्रेच्या काठाला टेकायचा आणि त्याचा मध्य कॉइलच्या खाली यायचा. परतीच्या वाटेवर ट्रेच्या खालच्या टोकाला जुन्या योगा मॅटचा तुकडा कापून बसवला. फोन वर उचलला गेला, हलायचा थांबला, 'टुंग' बंद. तुकडा काठाला लावायचा, फोनखाली नाही. खाली जाडी वाढली की अंतर वाढतं.

कव्हरचं म्हणाल तर पातळ सिलिकॉनचं चालतं. जाडजूड रबराचं किंवा पाकिटवजा काढूनच ठेवा. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: मॅग्नेटिक होल्डरसाठी कव्हरच्या आत चिकटवलेली लोखंडी पट्टी. ती कॉइलच्या मध्ये येते, स्वतः तापते, आणि शहाणा पॅड ती ओळखून चार्जिंगच बंद करतो. नाणं किंवा किल्ली खाली राहिली तरी तेच. तेव्हा पॅडचा दिवा लुकलुकला की आधी खाली हात फिरवून बघा.

राहिला गरम होण्याचा मुद्दा. वायरलेसमध्ये थोडा गरम होणारच, त्यात डुप्लिकेटचा संबंध असेलच असं नाही. तापलेला फोन स्वतःच वॅट कमी करतो, फार तापला तर थांबतो; आयफोन तसा संदेशही दाखवतो. ॲपलने वापरासाठी भोवतालचं तापमान 0 ते 35 अंश सांगितलंय, आणि उन्हात उभी केलेली गाडी ते कधीच ओलांडून जाते. अशा गाडीत बसल्याबसल्या फोन पॅडवर ठेवू नका. दहा मिनिटं एसी चालू द्या, ट्रेवर ऊन येत असेल तर झाका. उन्हाळ्यात लांबचा प्रवास आणि सतत मॅप असेल तर मी सरळ केबल लावतो. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं, एवढं त्या मेसेजवाल्यांनी म्हटलं असतं तर मी वाद घातला नसता.

पॅडच बिघडलाय का, हे बघायचं तर तोच फोन कव्हर काढून, गाडी उभी असताना, स्क्रीन बंद करून, नीट मधोमध ठेवा आणि अर्धा तास टक्के मोजा. मग दुसरा वायरलेसवाला फोन ठेवून बघा. दोन्ही अडखळले तर सर्व्हिस सेंटर.