‘प’ म्हणजे पुणेच कशावरून?

“तोतरं बोलणारा अडकला की शब्द आपण पुरा करावा, त्याचे श्रम वाचतात. त्याच्याकडे बघत राहू नये, लाजतो. ‘घाई नको, श्वास घे’ म्हणावं, मग नीट बोलतो.”

श्रम वाचत नाहीत, वाढतात. अडकलेल्याला शब्द पक्का माहीत असतो, फक्त आवाज सुटत नाही. एसटीत कंडक्टरने विचारलं, ‘कुठे?’ प्रवाशाला परभणी सांगायचंय. ‘प’साठी ओठ मिटले ते मिटलेलेच राहिले. शेजारचा म्हणतो, ‘पुणे?’ आता आधी मान हलवून नाही म्हणायचं, मग पुन्हा पहिल्यापासून ‘प’ला भिडायचं, तेही चारजण कान देऊन बसलेले असताना. मग कुणी म्हणतं, ‘पंढरपूर?’ की तिसऱ्यांदा तेच. असे अडथळे बहुधा एक-दोन सेकंदांचे असतात. मदतीने त्याचं अर्धं मिनिट होतं. शेवटी काहीजण वैतागून भलत्याच गावाचं तिकीट घेतात. अवघड शब्दाला बगल देऊन दुसरा वापरायची सवय अनेकांना असते, पण गावाच्या आणि स्वतःच्या नावाला पर्याय नसतो. म्हणून नेमकं तिथेच जास्त अडतं, आणि अंदाजाचा मोहही तिथेच होतो.

आता तो अडकलाय की विचार करतोय? ओठ, जबडा किंवा गळा ताणलेला दिसला, डोळे मिचकावले गेले, की अडकलाय. चेहरा सैल असेल तर बहुधा नुसता थांबलाय. दोन्हींत आपलं काम एकच, गप्प राहणं. काहींना शब्द पुरवलेला चालतो, पण ते त्यांनी आपणहून सांगावं लागतं.

नजरेचं म्हणाल तर टक लावून बघा असं कुणी सांगत नाही. तो सुरळीत बोलत असता तर जिथे बघितलं असतं तिथेच बघा. नजर ओठांवर खिळवू नका, आणि नेमका अडकल्या क्षणी मोबाइलकडे वळवू नका. ते त्याला लगेच कळतं, आणि अडखळणं ही लपवायची गोष्ट आहे असाच अर्थ लागतो. भरभर ‘हं, हं, हं’ करणंही तसलंच. तोंडाने काही न बोलता केलेली घाईच ती.

‘श्वास घे’ने तर अर्धवट आलेला शब्द सोडून देऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. घाई नको हे तोंडाने सांगण्याऐवजी स्वतः थोडं सावकाश बोला आणि त्याचं वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून उत्तर द्या. काही कळलं नसेल तर समजल्यासारखं दाखवू नका. ‘शेवटचं गाव कोणतं म्हणालात?’ असं तेवढंच विचारा.

फोनवर मात्र ताणलेले ओठ दिसत नाहीत, नुसती शांतता ऐकू येते. आपण ‘हॅलो, हॅलो’ करून फोन ठेवतो, आणि पलीकडचा पहिल्याच अक्षरावर असतो. ‘ऐकतोय, बोला’ एकदाच म्हणा आणि दहा सेकंद फोन कानाला ठेवा.