गंजिफा आठ दिवसांत पेशवेकालीन कसा करावा

परवा एक गृहस्थ ओळखीतून ओळख काढत घरी आले. पिशवीत लाकडी पेटी, पेटीत गंजिफाची गोल पानं, म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे जुने पत्ते. 'दशावतारी गंजिफा, अडीचशे वर्षांपूर्वीचा, सावंतवाडीच्या सरदार घराण्यातला,' एका दमात सांगून झालं. घराण्याचं नाव विचारलं तर 'त्यांची इच्छा नाही हो नाव यावं अशी.' माझ्याकडून त्यांना हव्या होत्या 'हा खरोखर जुना आहे' अशा फक्त दोन ओळी आणि खाली सही. मी भिंग काढलं तर म्हणाले, 'बघायचं काय त्यात? जुनं ते दिसतंच की.'

त्यांच्या कष्टांची मला कीव आली. असे उद्योगी लोक गावोगाव आहेत आणि त्यांना धड मार्गदर्शन नाही. म्हणून वाचकहो, तुमच्याही हाती एखादा गंजिफा लागला, तर पुढील उपाय निःशंक करावेत.

सर्वांत आधी चहा. कोरा, साखर न घालता, उकळून दाट केलेला. पानं त्यात बुडवली की शतक उलटतं. मात्र सावंतवाडीचं पान कसं बनतं याची चौकशी चुकूनही करू नका, उगाच मन कचरेल. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं एकावर एक चिकटवायचे, वर पांढऱ्या मातीचा लेप, तो गुळगुळीत दगडानं घोटायचा, मग रंगकाम आणि शेवटी लाखेचा हात. चिंचोक्याची खळ पाण्याला भुलते, त्यामुळे चहात पडल्यावर पान कडेनं फुगतं आणि थर सुटू लागतात. लाखेखाली चहा शिरत नाही. तो शिरतो कापलेल्या कडेतून, जिथे लाख नसते. म्हणून भिंगातून पाहिलं की कडेला गडद तपकिरी रेघ, आत फिकट होत गेलेली, आणि संचातल्या १२० पानांवर तीच ती छटा. खरा मळ असा कवायत करत नाही. तो बोटं जिथे लागतात तिथे बसतो आणि दोन पानांवर कधी सारखा नसतो. पण गिऱ्हाईक भिंग आणत नाही, तेव्हा चिंता नको.

मग झिजवणं. पॉलिश पेपर घ्या आणि राजांच्या तोंडावर फिरवा. चेहरा पुसट झाला की गिऱ्हाईक हळहळतं आणि हळहळलं की घासाघीस करत नाही. आमच्या पाहुण्यांनी हेच केलं होतं. दहाही राजे घासलेले, ओरखडे सगळे एकाच दिशेला, आणि दश्श्या-नव्व्या मात्र कोऱ्या करकरीत. आता हा डाव ज्यांनी कधी खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दशावतारीत विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, जसे पत्त्यांत बदाम-इस्पिक, आणि दर रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा पानं. खेळायला तीन गडी बसतात आणि सगळी पानं वाटली जातात, प्रत्येकी ४०. बाजूला पडून राहणारा गठ्ठाच नसतो. राजा असो की मत्स्याची दुर्री, प्रत्येक पान प्रत्येक डावात कुणाच्या तरी हातात येतं, जमिनीवर पडतं, पिसलं जातं. झीज होते ती साऱ्या संचाची मिळून. शिवाय पान हातात धरलं की बोटं पाठीला लागतात आणि टाकलं की पाठ नाहीतर तोंड चादरीवर घासतं. त्यामुळे खेळलेल्या संचाची पाठही थकलेली असते, लाख विटलेली, कडेला टवके. तोंड झिजलेलं आणि पाठ आरशासारखी, असं पान पेटीतून बाहेर आलं ते खेळायला नव्हे, पॉलिश पेपरला भेटायला.

पेटी जुनी मिळाली तर उत्तम. पेटी कुणाचीही चालते.

२४ पानं हरवलेली असतील तर ९६ उरतात. खुशाल 'चंगकांचनीचा संपूर्ण संच' म्हणा. चंगकांचनीत, म्हणजे मोगली गंजिफात, आठ रंग आणि ९६ पानं असतात, एवढं गिऱ्हाइकानं कुठेतरी वाचलेलं असतं. त्यात मासा, कासव आणि परशू कुठून आले हे तो विचारत नाही.

चौकोनी पत्ते विकत असाल तर कोपऱ्यात आकडा आणि अक्षर असलेला जोडसुद्धा पेशवाईत नेऊन ठेवा. कोपऱ्यातले आकडे रूढ झाले १८७० नंतर, जोकर अमेरिकेत आला १८६० च्या दशकात आणि पेशवाई बुडाली १८१८ मध्ये. पण शनिवारवाड्यात जोकर नव्हता असं कोण छातीठोकपणे म्हणेल?

आता कागद. इथे जरा थांबू, कारण इथे लोक खरी कल्पकता दाखवतात. जुना भासवण्यापेक्षा जुनाच कागद वापरावा! मोडीतल्या वह्या रद्दीच्या भावानं मिळतात. त्यांचे गोल कापायचे, चिकटवायचे आणि वर अवतार रंगवायचे. मग कुणी कागद तपासायला नेला तरी चिंध्यांचा हातकागद निघणार, तंतू लांब, लाकडाच्या लगद्याचा मागमूस नाही. गिऱ्हाईक खूश. दोनशे वर्षांचा कुणाचा तरी जमाखर्च, कुठल्यातरी गावचा वसूल, कात्रीखाली गेला त्याचं काय एवढं! वाचता कुणाला येतं?

फक्त एक पथ्य पाळा, कसरीनं खाल्लेलं पान घेऊ नका. किडीचं भोक रंगकामानंतरचं असेल तर ते रंग फोडून जातं आणि भोकाच्या आतल्या कडेला कोरा कागद दिसतो. भोक आधीचं आणि रंग नंतरचा असेल तर रंग भोकात उतरतो, कडेला चिकटून बसतो. साध्या दहापट भिंगातून हे दिसतं. लाखेच्या तड्यांचंही तसंच. तडा रंगातून गेला असेल तर ठीक, पण तड्याच्या खोबणीत रंग भरलेला दिसला की ओळखावं, रंग तड्यापेक्षा तरुण आहे. पानाचं वय त्यातल्या सर्वांत जुन्या वस्तूवरून ठरत नाही, सर्वांत नव्या वस्तूवरून ठरतं. कागद १७८० चा असेना का, वरचा पांढरा १९२० नंतरचा असेल तर पान १९२० नंतरचंच.

पांढऱ्याचा विषय निघालाच आहे. जुने चितारी हिंगूळ, हरताळ, नीळ, काजळ आणि सफेदा वापरत, आणि हा सफेदा बहुधा शिशाचा. शिशाचा सफेदा हवेतल्या गंधकानं काळवंडतो. त्यामुळे जुन्या पानावर जिथे पांढरं असायला हवं तिथे कधी करडा डाग दिसतो आणि विक्रेते तो 'खराब' म्हणून वरून पोस्टर कलरनं झाकतात. शाब्बास! होता नव्हता पुरावा झाकला. आजच्या पोस्टर कलरमधला पांढरा सहसा टायटॅनियमचा असतो आणि तो १९२० च्या आगेमागे बाजारात आला. कृत्रिम अल्ट्रामरीन निळा १८२८ नंतरचा. हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, प्रयोगशाळेत यंत्राखाली पान ठेवावं लागतं. पण एक अतिनील टॉर्च पुष्कळ काही सांगून जातो. अंधारात टॉर्च मारला की लाख नारिंगी झाक देते, जस्ताचा पांढरा पिवळट हिरवा चमकतो आणि १९५० नंतरचा, रसायनानं उजळवलेला कागद निळापांढरा पेटतो. आमच्या पाहुण्यांच्या संचातलं एक पान कडेनं फुटलं होतं. त्या फटीत टॉर्च मारला तर आतला थर निळापांढरा झगझगला. अडीचशे वर्षं! गृहस्थ म्हणाले, 'तुमच्या टॉर्चमध्ये प्रॉब्लेम असेल.'

उलट बाजूही ऐकून ठेवा, विकताना कामी येईल. हिंगूळ सापडला म्हणून पान जुनं ठरत नाही. हिंगूळ आजही मिळतो. रंग फार तर 'याच्या आधीचं नाही' एवढं सांगतो.

शेवटचा उपाय म्हणजे स्पिरिट. पान मळकट वाटलं की कापसाला स्पिरिट लावून पुसावं, लगेच चमकतं. का चमकतं? कारण लाख स्पिरिटात विरघळते. मळ निघतो तो लाखेसकट, आणि खाली उघडा पडतो पाण्यात कालवलेला रंग. दुसऱ्या फटक्यात कापूस लाल होतो. तो लाल म्हणजे मळ नव्हे महाराज, तो हिंगूळ आहे, कुणीतरी एका केसाच्या कुंचल्यानं भरलेला. खरा जुना संच एका दुपारी असा 'स्वच्छ' करून बसलेल्या माणसाला मी भेटलो आहे आणि त्यानं मला तो कापूसही कौतुकानं दाखवला.

आता उपरोध पुरे, मला जमेना झालाय.

त्या पेटीत काय होतं ते सांगतो. ते १९७० नंतरचं सावंतवाडीचंच काम होतं. हा धंदा जवळजवळ बुडाला होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात चितारी बसवून तो पुन्हा उभा केला. त्या काळातल्या चांगल्या हाताचं ते काम होतं. घोड्यावरच्या प्रधानाच्या पागोट्याची एक एक रेघ सुटी दिसत होती. त्याला त्याच्या खऱ्या वयानं विकलं असतं तरी मान होता आणि दामही मिळाला असता. तुम्ही तो चहात बुडवलात, राजांची तोंडं पॉलिश पेपरनं खरडलीत. खोटा जुना तर तो झाला नाहीच, खरा नवा होता तोही राहिला नाही.

आणि कायद्याचं सोंगही बघा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. म्हणून गिऱ्हाइकापुढे 'अडीचशे वर्षांचा' आणि परदेशी पाठवताना त्याच डब्यावर 'शोभेची हस्तकला, नवीन'! दोन्ही कागद एकाच हाताचे. नवीन असेल तर तुम्ही गिऱ्हाइकाला फसवता, जुना असेल तर कायद्याला.

सही दिली नाही. त्यांनी मोबाइलवर दुसऱ्या एका संचाचा फोटो दाखवला, 'हा तरी बघा.' दहा राजे, दहा प्रधान, काचेच्या फ्रेममध्ये, दिवाणखान्याच्या भिंतीवर. हा मात्र खरोखर जुना वाटत होता. उरलेली पानं कुठे म्हणून विचारलं. 'ती नुसती ठिपक्याठिपक्यांची हो, कोण घेतं?' अहो, त्या ठिपक्यांवरूनच तर कळलं असतं संच एका हाताचा आहे की हरवलेली पानं नंतर भरलीत, कोणत्या रंगात किती झीज आहे, मागची लाख कधी बदलली. राजा दहा वेळा निरखून जे कळत नाही ते कासवाचा अठ्ठा सांगतो, कारण अठ्ठ्यावर कुणी हात फिरवून खोटं केलेलं नसतं. शंभर पानं होती ती. फेकलीत की माळ्यावर टाकलीत, एवढं तरी सांगा.