आजीला आलेला संदेश आणि लेकीने लावलेला मीटर

«रात्री झोपताना सगळे चार्जर प्लगमधून काढा. नुसता लावून ठेवलेला चार्जर पंख्याएवढी वीज खातो. टीव्ही रिमोटने बंद केला की पुरे. फ्रिज रोज रात्री चार तास बंद ठेवा. एवढे केले तरी वीजबिल निम्मे होते. सर्वांना पाठवा.»

हा संदेश फेब्रुवारीत माझ्या आईच्या फोनवर आला आणि त्या रात्रीपासून कोथरूडच्या आमच्या घरात ती तो मनापासून पाळू लागली. नववीत शिकणाऱ्या माझ्या लेकीने आजीशी वाद घातला नाही. तिने प्लग आणि उपकरण यांच्या मध्ये लावायचा, किती वॅट आणि किती युनिट ते दाखवणारा छोटा मीटर एका मैत्रिणीच्या वडिलांकडून मागून आणला. पुढचे तीन आठवडे ती एकेका उपकरणाचे आकडे दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत होती. खालचा प्रतिवाद त्याच आकड्यांवर उभा आहे.

आधी चार्जर. घरातले चारही चार्जर एका एक्स्टेंशन बोर्डावर लावून, फोन न जोडता, तिने मीटर पाहिला तेव्हा पडद्यावर 0.0 W आले. आजी म्हणाली, "म्हणजे तुझा मीटरच बिघडलेला आहे." या शंकेत तथ्य होते, कारण असे स्वस्त मीटर एक-दोन वॅटच्या खालचा भार नीट ओळखतच नाहीत, आणि शून्य दिसले म्हणजे शून्यच आहे असे मानता येत नाही. म्हणून लेकीने त्याच बोर्डावर ९ वॅटचा एलईडी बल्ब लावला. एकट्या बल्बला 9.1 W दिसले, बल्बासोबत चारही चार्जर लावल्यावर 9.9 W. म्हणजे चौघांचे मिळून सुमारे ०.८ वॅट, आणि महिनाभर अखंड लावून ठेवले तरी जेमतेम ०.६ युनिट. आमचा जुना पंखा ७५ वॅटचा आहे आणि एका रात्रीच्या आठ तासांत तो एकटा तेवढीच वीज घेतो.

इथे माझीही एक चूक झाली. चार्जरच्या वेळी मीटरवर 0.02 A दिसत होते, त्याला मी २३० व्होल्टने गुणले आणि साडेचार वॅट म्हणून मोकळा झालो. लेकीने मला थांबवले. चार्जरसारख्या उपकरणात प्रवाह आणि दाब एका लयीत नसतात, त्यामुळे त्यांचा साधा गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा बराच मोठा येतो. घरगुती बिल मात्र खऱ्या वॅटवरून मोजलेल्या युनिटांचे येते. म्हणून मीटरवर W लिहिलेला आकडाच वाचावा. गरम होणारा किंवा वायर सोललेला चार्जर अवश्य काढावा, पण तो सुरक्षिततेसाठी.

टीव्हीच्या बाबतीत संदेशाची चूक उलट्या दिशेची आहे. रिमोटने बंद केलेला टीव्ही खरोखरच निरुपद्रवी निघाला, 0.4 W. त्याच्या शेजारच्या सेट-टॉप बॉक्सने मात्र आम्हा सर्वांना चकित केले. तो चालू असताना 11.6 W होता आणि रिमोटने बंद केल्यावर 10.8 W. त्याचा पडदा विझतो, पण आतले काम जवळजवळ तसेच चालू राहते. दिवसातले एकोणीस तास तो कोणी न पाहता असाच चालतो, म्हणजे महिन्याला सहा युनिट, चारही चार्जरांच्या दहापट. त्याचे भिंतीवरचे बटण बंद केले तर सकाळी वाहिन्या दिसायला दोनेक मिनिटे लागतात आणि रात्री लावलेले रेकॉर्डिंग होत नाही, एवढीच त्याची किंमत. सगळेच बॉक्स असे नसतात, म्हणून आपला मोजून पाहावा.

फ्रिजचे मोजमाप सर्वांत अवघड होते. कॉम्प्रेसर कधी चालू असतो, कधी बंद, त्यामुळे मीटर एका क्षणी 120 W दाखवतो आणि दुसऱ्या क्षणी जवळजवळ शून्य. कोणत्याही एका क्षणाच्या वॅटवरून काही ठरत नाही, पूर्ण २४ तासांचे युनिटच पाहावे लागतात. लेकीने नेहमीप्रमाणे चालणाऱ्या फ्रिजचे दोन दिवस आणि रात्री चार तास बंद ठेवलेल्या फ्रिजचे दोन दिवस आळीपाळीने मोजले, म्हणजे एखाद्या दिवसाच्या उन्हामुळे फसगत होऊ नये. पहिल्याची सरासरी दिवसाला १.४२ युनिट आली, दुसऱ्याची १.३८. चार तास बंद ठेवून ०.०४ युनिट वाचले. याचे कारण सरळ आहे. बंद फ्रिजमध्ये बाहेरची उष्णता झिरपतच राहते, आणि सकाळी कॉम्प्रेसर बराच वेळ सलग चालून ती बाहेर काढतो. आतल्या पाण्याच्या पेल्यातला तापमापक या चार तासांत ४ अंशांवरून ९ अंशांवर गेलेला होता. दूध आणि भिजवलेली डाळ रोज रात्री अशी गरम करून जे वाचते, ते महिन्याला सव्वा युनिट.

त्याच फ्रिजमध्ये खरी बचत दुसरीकडे सापडली. लेकीने दारात कागदाची पट्टी धरून दार लावले आणि पट्टी ओढून पाहिली. वरच्या बाजूला ती घट्ट बसली, खालच्या कोपऱ्यात अलगद सुटून आली. तिथल्या रबरात पिठाचा आणि तेलकटपणाचा थर होता. आजीनेच गरम पाण्याच्या फडक्याने रबर पुसून, शेकून सरळ केले आणि आम्ही फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. त्यानंतरचे आकडे दिवसाला १.२१ युनिटवर आले, म्हणजे महिन्याला सहा युनिट कमी, आणि दूध थंडच.

राहिला बिल निम्मे होण्याचा प्रश्न. आमचे बिल महिन्याला २१० युनिटांचे, म्हणजे दिवसाला सात. चार्जर आणि रात्रीचा फ्रिज यांतून महिन्याला दोन युनिटही वाचत नाहीत. मग सात जातात कुठे? गीझर न्हाणीघरात असल्याने ओलाव्यात प्लगचा मीटर लावायचा नाही, असे लेकीने आधीच ठरवले होते, आणि छताच्या पंख्याला प्लग नसतो. म्हणून ती खाली पार्किंगमधल्या घराच्या मीटरपाशी उभी राहिली. त्यावर 3200 imp/kWh लिहिले आहे, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. वर आजीने फोन कानाला लावून फ्रिजसकट सगळे बंद केले आणि फक्त गीझर लावला. मिनिटाला १०७ वेळा दिवा लुकलुकला, म्हणजे दोन किलोवॅट. सकाळी चौघांच्या आंघोळीत गीझरचा दिवा एकूण ७२ मिनिटे लागलेला असतो, म्हणून २.४ युनिट. तीन पंख्यांचे मिळून दिवसाला २४ तास, म्हणून १.८ युनिट. सातपैकी सव्वाचार इथेच गेले.

दिवाणखान्यातला पंखा रोज बारा तास चालतो. तो बदलून आम्ही बीएलडीसी मोटरचा पंखा बसवला, तेव्हा लेक पुन्हा खाली गेली, या वेळी आजीला घेऊन. जुना पंखा एकटा चालू असताना दिवा दर १५ सेकंदांनी लुकलुकत असे. आजी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत मोठ्याने मोजत होती आणि पुढचा लुकलुकाट आला तेव्हा ती चाळिसावर पोहोचली होती.