नाव वगळलं तरी जुनी वर्षं तिचीच

«तुम्ही लिहिता घटस्फोटानंतर वेगळी हेल्थ पॉलिसी घेतली तरी वेटिंगमध्ये जुनी वर्षं धरतात. माझ्या बहिणीला कंपनीने बीपीसाठी तीन वर्षांचा वेटिंग पिरियड नव्याने लावलाय, तोवर बीपीचा क्लेम मिळणार नाही. सहा वर्षं नवऱ्याच्या फ्लोटरमध्ये, म्हणजे कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीत होती ती. कागदावरचं सांगून काय उपयोग?»

दादा, बहिणीची नवी पॉलिसी आत्ता हातात घ्या आणि शेड्यूलवर, म्हणजे तपशिलाच्या पानावर दोन रकाने बघा, आधीचा पॉलिसी नंबर आणि पहिल्यांदा कव्हर सुरू झाल्याची तारीख. नंबरचा रकाना रिकामा असेल आणि तारीख या वर्षीची असेल तर तिचा फॉर्म फ्रेश म्हणून भरला गेलाय, मायग्रेशन म्हणून, म्हणजे त्याच कंपनीत जुनी वर्षं धरून बदललेली पॉलिसी म्हणून नाही. हे फार वेळा होतं, कारण एजंटला फ्रेश फॉर्म सोपा पडतो आणि बाईला कोणी विचारतच नाही की आधी कुठे कव्हर होतीस.

खरी गोची रिन्यूअलच्या वेळी होते. पॉलिसी नवऱ्याच्या नावावर असते, तो ऑनलाइन रिन्यू करताना तिचं नाव काढतो, झालं, आणि तिला हे कळतं थेट हॉस्पिटलच्या कॅशलेस डेस्कवर. म्हणून मी सगळ्यांना सांगते की घटस्फोटाच्या डिक्रीची वाट बघत बसू नका, रिन्यूअलची तारीख बघा. समजा रिन्यूअल १० जूनला आहे. त्याच कंपनीत वेगळी पॉलिसी हवी असेल तर मायग्रेशनचा अर्ज किमान ३० दिवस आधी, म्हणजे ११ मेपर्यंत द्यायचा, आणि कंपनी बदलायची असेल तर पोर्टिंगचा ४५ दिवस आधी, म्हणजे २६ एप्रिलपर्यंत. पोर्टिंगमध्ये नवी कंपनी तब्येत बघून नाही म्हणू शकते, त्यामुळे बीपी-शुगर असेल तर आधी जुन्याच कंपनीत मायग्रेशन करा. अर्जासोबत सगळ्या वर्षांची शेड्यूल लावा, ती नवऱ्याकडेच असतात आणि भांडण चिघळल्यावर मिळत नाहीत, म्हणून बोलणं चालू आहे तोवर पीडीएफ मागून ठेवायच्या.

रकमेचंही समजून घ्या. फ्लोटर १० लाखांचा असेल आणि तिने १५ लाखांची पॉलिसी घेतली, तर जुनी वर्षं १० लाखांपुरतीच, वरच्या ५ लाखांना वेटिंग पहिल्यापासून. आणि सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची रक्कम, दोघांत वाटून घेतला असेल तर क्लेम न केल्याने जमलेला बोनसही बऱ्याच पॉलिसींत त्याच प्रमाणात वाटला जातो, तो आपोआप पूर्ण नवऱ्याकडे राहत नाही. दोघांनी ५-५ लाख घेतले आणि बोनस २ लाख होता, तर तिचा १ लाख, हे तिने मागायलाच हवं.

आता तुमच्या बहिणीचं. पॉलिसी हातात पडून ३० दिवस झाले नसतील तर फ्री लूक, म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत, अजून चालू आहे, पण घाईने परत करू नका, नाहीतर ती मधल्या मध्ये विनाकव्हर राहील. आधी कंपनीला ईमेल करा की जुन्या फ्लोटरची सगळी शेड्यूल जोडली आहेत, कंटिन्युइटी देऊन, म्हणजे जुनी वर्षं धरून, दुरुस्तीचं एंडोर्समेंट द्या. फोनवर बोलू नका, सगळं लेखी. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. एकच बघा, जुन्या फ्लोटरमधून नाव निघाल्याची तारीख आणि नव्या पॉलिसीची तारीख यांत किती दिवसांचं अंतर आहे, कारण कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवेल. त्या दोन तारखा इथे टाका, ईमेलचा मजकूर मी लिहून देते.