विरी गेलेलं पीठ

आमच्या घरात 19 माणसं होती आणि रोज सकाळी 40 भाकऱ्या लागायच्या. अनगोळातलं जुनं कौलारू घर, आजी, तीन काका, तीन काक्या, आत्या आणि आम्ही पोरं मोजूनच घ्यावी एवढी. कामाची वाटणी कुणी केलेली नव्हती, ती आपोआप झालेली होती, म्हणजे पोरग्यांनी दळण आणायचं आणि पोरींनी भाकऱ्या थापायच्या. मला दळणाचं खातं मिळालं कारण मी पोरगा आणि अक्काला भाकरीचं मिळालं कारण ती पोरगी. अक्का म्हणजे माझी चुलत बहीण, मला 13 तेव्हा तिला 15.

आता दळण आणणं हे काही सोपं काम नाही हे आधी लिहून ठेवतो, कारण आजपर्यंत कुणी ते मान्य केलेलं नाही. तेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात 10 किलो जोंधळा घालायचा, डबा कॅरिअरला सायकलच्या फाटक्या ट्यूबनं आवळायचा, आणि गिरणीत जाऊन नंबर लावायचा. शिवाय आधी कुणाचं दळण चाललंय ते बघायचं, गव्हावर जोंधळा घालू द्यायचा नाही, जोंधळ्यावरच जोंधळा पडला पाहिजे, नाहीतर गव्हाचं पीठ मिसळतं आणि आजीला ते बोटाला कळतं. मध्येच करंट जायचा. मग तासभर पोत्यावर बसून गावातली सगळी भांडणं ऐकायची. (हे वाईट नव्हतं. पण मी घरी कधी सांगितलं नाही.)

तर गणपती झाले. गौरी-गणपतीत पोळ्या, मोदक, पाहुणे, त्यामुळं आठ-दहा दिवस भाकरी बंदच होती आणि जोंधळ्याचं पीठ डब्यात पाव भाग तसंच राहिलं. बाहेर बेळगावचा पाऊस, भिंतीसुद्धा ओल्या. गणपती गेल्यावर मी नवीन दळण आणलं, गरमागरम, हात लावला तर चटका बसावा असं. ते परातीत पसरून गार करायचं असतं आणि जुनं पीठ वेगळं काढायचं असतं, हे मला माहीत होतं हो. पण गल्लीत मॅच चालू होती आणि माझी बॅटिंग यायची होती. मी गरम पीठ जुन्यावर ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि पळालो.

तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी सकाळी अक्कानं भाकरी थापायला घेतली तर कडेनं चिरा. दुसरी घेतली, उचलताना मधनं दोन तुकडे. तिसरी कशीबशी तव्यावर गेली आणि उलटताना तिकडंच मोडली. थोरली काकी म्हणाली, "लक्ष कुठं आहे गे तुझं? उद्या सासरी गेल्यावर काय करशील?" अक्का रडायच्या बेतात. मी दारातनं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बरं झालं, हे तिचं खातं.

आजी आली. पिठाची चिमूट घेतली, जिभेवर ठेवली, जरा पाणी लावून दोन बोटांत दाबली. चिमूट कडेला फाटली. "विरी गेलीया पिठाची," आजी म्हणाली. जोंधळ्याला गव्हासारखा चिकटपणा मुळात नसतोच, जे काय चिकटतं ते ताज्या पिठाच्या आणि गरम पाण्याच्या जोरावर, पीठ जुनं झालं की ते जातं आणि जरा कडवटपण येतं. मग आजीनं हिशेब मांडला. रोजचं पीठ तीन किलो, तीन दिवस भाकरी चांगली, चौथ्या दिवशी मोडली, म्हणजे पोरीचा हात एका रात्रीत बिघडला नाही, डब्याच्या बुडाला काहीतरी आहे. आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी लगेच म्हणालो की अक्कानं पण डब्यात बघायला नको होतं काय? हे बोलायला नको होतं.

अक्का पदरानं तोंड पुसत म्हणाली, "यापुढं दळण मी आणणार. आणि ह्यानं भाकरी थापायची." काक्या हसल्या. आजी हसली नाही. "एक दिवस करून बघू दे की," म्हणाली, आणि कोर्ट उठलं.

त्या दिवशी मोडक्या भाकऱ्याच सगळ्यांना मिळाल्या. एरवी टम्म फुगलेल्या पहिल्या पंगतीला, म्हणजे पुरुषांना, मग आम्ही पोरं, आणि करपलेल्या, तुटक्या बायकांच्या पंगतीत जायच्या, ह्यात कुणाला काही वाटायचं असं मला कधी दिसलं नाही, निदान मी बघत नव्हतो. त्या दिवशी निवडायला काही नव्हतंच. 19 माणसांनी आमटीत कुस्करून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी अक्का सायकल घेऊन गिरणीत गेली आणि वीस मिनिटांत परत आली! वीस! लाईनीतली माणसं म्हणाली म्हणे, पोरगी आलीया, तिचं आधी घ्या. मी दोन वर्षं तिथं तासतास बसलो होतो आणि मला कुणी विचारलं नव्हतं. मी चिडलो. पण अक्का माझ्यापेक्षा जास्त चिडली होती, तिला तासभर बसायचं होतं. "मला ऐकायचं होतं रे सगळं, आणि बसूच दिलं नाही त्यांनी."

मग माझी पाळी. जुनं उरलेलं पीठच मला दिलं, कारण नवीन वाया घालवायला कोण देणार. मी कोमट पाण्यात मळलं, काटवटीत गोळा ठेवला आणि थापायला लागलो. भाकरी एकाच बाजूला पळायची. धाकटा काका डोकावून म्हणाला, "नकाशा छान झालाय, ह्यात बेळगाव कुठल्या राज्यात टाकलास?" घरातले सगळे पुरुष दारात जमले होते, उंबऱ्याच्या आत कुणी नव्हतं.

तेवढ्यात मधला काका बोलला. मधला काका मराठा लाइट इन्फंट्रीत, सुट्टीवर आलेला, घरात पाण्याचा तांब्या स्वतः कधी भरून घेतला नव्हता. तो म्हणाला, "कोमट नको. उकळतं आधण घे, पीठ घाल, झाकून ठेव, मग गरम गरमच मळ. जुन्या पिठाला उकडच पाहिजे."

मी तसं केलं. हात भाजला, पण गोळा एकजीव झाला. पहिल्यासारखी चीर नाही. तव्यावर टाकली, पिठाची बाजू वर. काका उंबऱ्याबाहेरनंच ओरडला, "पाणी लाव! सगळीकडं! आता थांब... थांब... पाणी वाळायच्या आत उलट!" उलटली. मग निखाऱ्यावर उभी केली आणि ती एका बाजूनं का होईना, फुगली.

स्वयंपाकघर गप्प. आजी म्हणाली, "तुला रे काय ठावं हे?"

"पोस्टिंगला गावाकडनं पीठ न्यायचो की आम्ही चौघं," काका म्हणाला. "महिनाभर पुरवायचं. थापणार कोण, मग मीच थापायचो."

मधल्या काकीच्या हातात पळी होती, ती तशीच राहिली. लग्नाला बारा वर्षं झाली होती. आम्हा सगळ्यांना वाटलं आता काहीतरी होणार. काकीनं पळी खाली ठेवली, पदर खोचला, काटवट स्वतःकडं ओढली आणि एकदम साध्या आवाजात विचारलं, "पाणी कधी लावायचं म्हणालात?"

आणि काका, शप्पथ सांगतो, तिला समजावून सांगायला लागला.